बेचाळीस पानांचं प्रकरण, अडीचशे शब्दांचा गोषवारा, आणि तोही दोन भाषांत

प्रश्न: "मी नागपूरला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या लघुशोधप्रबंधाचं तिसरं प्रकरण एका चर्चासत्राला पाठवायचं आहे. मराठी आणि इंग्रजी, दोन्हीत प्रत्येकी अडीचशे शब्दांचा गोषवारा मागितला आहे. प्रकरण चाळीस पानांचं आहे. मी तीनदा कापून पाहिलं, तरी सहाशेच्या खाली येत नाही, आणि इंग्रजी तर गूगलने केल्यासारखंच वाटतं. काय कापू?"

काहीच कापू नका. ते सहाशे शब्द बाजूला ठेवा आणि कोऱ्या पानावर सुरुवात करा. प्रकरण कापून गोषवारा होत नाही, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. प्रकरण परीक्षकाला दाखवतं की तुम्ही विषय सगळ्या बाजूंनी वाचला आहे. गोषवारा निवड समितीला सांगतो की तुमच्याकडे पंधरा मिनिटं ऐकण्याजोगं एक विधान आहे आणि त्याला पुरावा आहे. प्रकरणात अशी विधानं तीन-चार असतात, ती एकमेकांत गुंतलेली असतात. कापताना आपण प्रत्येकातलं थोडं थोडं ठेवतो, म्हणून सहाशेच्या खाली येता येत नाही. अडचण शब्दांची नाही, निवडीची आहे.

तुमचा विषय तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून मी माझ्याकडे आलेलं एक प्रकरण उलगडून दाखवते. मी वर्षानुवर्षं नागपुरात मराठीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं आहे आणि चर्चासत्रांच्या निवड समित्यांवरही बसले आहे. पुढचं सगळं साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, नाट्य अशा विषयांना लागू पडतं. रसायनशास्त्राचं किंवा शेतीचं प्रकरण असेल तर तिथे उद्देश, पद्धत, निष्पत्ती असा ठरलेला साचा असतो, तो पाळावा. आणि चर्चासत्राच्या पत्रकात वेगळी सूचना असेल, तर माझ्या म्हणण्यापेक्षा ती मोठी.

ती विद्यार्थिनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर काम करत होती. माहेर ब्रह्मपुरीकडचं, त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालणारी तिकिटाची नाटकं तिने लहानपणापासून पाहिलेली. तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं 'झाडीपट्टी रंगभूमी : उगम, स्वरूप आणि बदल'. बेचाळीस पानं. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यप्रकारांपासून सुरुवात, मग वडसा हे नाट्यमंडळांचं केंद्र कसं आहे, नेपथ्य, गाणी, कलावंतांचं मानधन, प्रेक्षक, आणि शेवटी शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, बंदी. तिचा पहिला गोषवारा असा सुरू होत होता: "महाराष्ट्राला लोककलांची समृद्ध परंपरा लाभलेली असून त्यामध्ये विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे स्थान अनन्यसाधारण असे आहे." पुढे "प्रस्तुत शोधनिबंधात झाडीपट्टी रंगभूमीचा उगम, स्वरूप व बदल यांचा चिकित्सक अभ्यास करण्यात आलेला आहे." हे वाचून समितीतल्या माणसाला कळतं की अभ्यास केला आहे. काय सापडलं, ते कळत नाही. असे गोषवारे ढिगाने येतात, आणि त्यांतलं कुठलं घ्यावं हे ठरवायला वाचणाऱ्याकडे काही आधारच नसतो.

मी तिला लॅपटॉप मिटायला लावला आणि विचारलं, "हे लिहिताना तुला स्वतःला कशाचं आश्चर्य वाटलं?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, मला वाटलं होतं पट बंद झाला म्हणजे नाटकही बसलं असेल. आमच्याकडे पट आणि नाटक एकच समजतात जी. पण मंडळाच्या वह्या पाहिल्या तर नाटक काही बंद नाही झालं. तारीखच बदलली."

हे वाक्य तिच्या प्रकरणात होतं, पण एकतिसाव्या पानावर, एका तक्त्याच्या खाली, "तसेच असेही दिसून येते की" अशा सुरुवातीने. तिच्या अख्ख्या प्रकरणातली सर्वांत नवी गोष्ट 'तसेच' या शब्दामागे लपली होती. तुमच्याही प्रकरणात ती अशीच कुठे तरी असेल. शोधायला एक वाक्याचा सांगाडा पुरतो: "मला (किंवा सगळ्यांना) वाटत होतं की अमुक, पण तमुक पाहिल्यावर दिसलं की ढमुक." तिन्ही जागा भरता आल्या तर गोषवारा तयार आहे. तिसरी जागा भरता येत नसेल, तर ते प्रकरण अजून माहितीचं संकलन आहे. त्यातून चर्चासत्राला काही पाठवण्याआधी मार्गदर्शकांशी बोला, किंवा दुसरं प्रकरण पाहा.

आता पुरावा. तिच्याकडे चार गावांतल्या आयोजक मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या, वडशाच्या एका नाट्यमंडळाचं बुकिंग रजिस्टर होतं, आणि 27 मुलाखती होत्या. यातलं गोषवाऱ्यात काय जाणार हे विधानावरून ठरतं. कलावंतांच्या मानधनाच्या मुलाखती फार चांगल्या होत्या, पण तारीख का बदलली याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून त्या वगळल्या. उरल्या त्या आयोजकांच्या मुलाखती, 11. आकडा लहान झाला म्हणून ती हिरमुसली. मी सांगितलं, 27 लिहिलंस आणि कोणी विचारलं की यातल्या किती जणांनी तारखेबद्दल सांगितलं, तर उत्तर 11 हेच येणार. मग आधीच 11 लिही.

काळही तपासून घेतला. बैलांच्या शर्यती थांबवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे 2014 चा. महाराष्ट्रात शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली ती डिसेंबर 2021 मध्ये. तिला 2014 ते 2021 असा पूर्ण काळ घ्यायचा होता, दिसायला तो गोळीबंद दिसतो. पण मध्ये कोविड आला आणि तेव्हा नाटकं जवळजवळ बंदच होती. त्या काळात नाटक का झालं नाही याचं कारण पटाशी जोडता येत नाही. म्हणून रजिस्टर 2012-13 ते 2018-19 एवढंच घेतलं: निकालाआधीचे दोन हंगाम, नंतरचे पाच. गोषवाऱ्यात ही वर्षं लिहिली की जाणकाराला न सांगता कळतं की तुम्ही हा विचार केला आहे.

मग तिने लिहिलं. चार मसुदे झाले. शेवटचा असा होता:

"झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या पट्ट्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालणारी तिकिटाची नाटके होतात. ही नाटके शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या जत्रेला, जोडून वाढली असे मानले जाते. मग 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पट थांबले तेव्हा नाटकांचे काय झाले? चार गावांतील आयोजक मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, वडसा येथील एका नाट्यमंडळाचे 2012-13 ते 2018-19 या सात हंगामांचे बुकिंग रजिस्टर आणि आयोजकांच्या 11 मुलाखती यांच्या आधारे हा निबंध असे मांडतो की या गावांत पट थांबल्याने नाटक थांबले नाही; गावातील तरुणांच्या मंडळांनी ते मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेला, नेऊन जोडले. या बदलात आयोजन पटसमितीच्या हातून गेले आणि खर्चाचा भार वर्गणीवरून तिकिटावर सरकला. चार गावांवरून संपूर्ण झाडीपट्टीबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही. मात्र ही नाटके केवळ रसिकांच्या प्रेमावर टिकली, या नेहमीच्या स्पष्टीकरणात आयोजकांच्या हिशेबाची बाजू सुटते, हे या वह्यांवरून दिसते."

सव्वाशेच्या आसपास शब्द झाले. मर्यादा अडीचशेची होती, तरी आम्ही भरती केली नाही. यात काय नाही तेही पाहा. महाराष्ट्राची समृद्ध परंपरा नाही. उद्दिष्टं, गृहीतकं आणि "परिकल्पना सिद्ध झाली" नाही. तो प्रबंधाचा सरंजाम आहे, परीक्षकासाठी. संदर्भ नाहीत, अवतरणं नाहीत. दंडार आणि खडी गंमत नाही, जरी त्यांवर तिने अकरा पानं लिहिली होती. त्या अकरा पानांचं तिला फार वाईट वाटलं आणि मला ते समजतं, पण ती पानं प्रबंधात सुखरूप आहेत.

क्रियापदंही पाहा. "अभ्यास करण्यात आलेला आहे" यात चार शब्द गेले आणि कोणी काय केलं ते कळलंच नाही. "हा निबंध असे मांडतो" म्हटलं की पुढे विधान यावंच लागतं. "प्रकाश टाकण्याचा प्रयत्न केला आहे" हे तर विधान टाळण्याचंच साधन आहे. तुमच्या मसुद्यात 'करण्यात', 'प्रयत्न', 'आढावा', 'चिकित्सक' हे शब्द शोधा. जिथे सापडतील तिथे बहुधा एक विधान लिहायचं राहून गेलेलं असतं.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा कळली. मराठीत लिहिलं म्हणजे सगळ्या मराठी वाचकांना कळलं, असं नसतं. 'मंडई' हा शब्द आपल्याकडे भंडारा-गोंदियात उच्चारला की दिवाळीनंतरची गावजत्रा डोळ्यांपुढे येते. पुण्याच्या वाचकासाठी मंडई म्हणजे भाजीबाजार. पुण्यातल्या एका प्राध्यापकांना आम्ही आधीचा मसुदा वाचायला दिला होता, त्यांनी समासात लिहिलं, "भाजीबाजारात नाटक? तपासावे." म्हणून 'मंडईला' च्या पुढे ते छोटं 'म्हणजे' आलं. शंकरपटाचंही तसंच. परिसरातले शब्द काढून सर्वसाधारण शब्द घालू नका, त्यांतच तुमच्या कामाचा जीव आहे. शब्द ठेवा आणि पहिल्याच वेळी चार-पाच शब्दांत उलगडा. गोषवाऱ्यात असे उलगडे तीनपर्यंत पेलतात. चौथा यायला लागला तर बहुतेक वेळा त्या शब्दाची गरजच नसते.

आता इंग्रजी. तुमचं इंग्रजी यंत्राने केल्यासारखं वाटतं याचं कारण तुमचं इंग्रजी कच्चं आहे हे नसावं. तुम्ही मराठी वाक्यं एकेक उचलून तिकडे नेत आहात, म्हणून ते होतं. मी असं करायला सांगते: मराठी मसुदा पालथा घाला, समोर फक्त तो सांगाडा ठेवा, "वाटत होतं हे, पाहिलं ते, दिसलं हे", आणि इंग्रजी पहिल्यापासून लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवून तपासा.

असं का, ते तिच्याच मजकुरावरून सांगते. मराठीतलं तिचं मुख्य वाक्य पुन्हा पाहा. आधी वह्या येतात, मग रजिस्टर, मग मुलाखती, मग "यांच्या आधारे", आणि विधान सगळ्यांत शेवटी. मराठी वाक्याला हे पेलतं, क्रियापद शेवटी यायची आपल्याला सवय आहे आणि वाचणारा तोवर थांबतो. इंग्रजीत त्याच क्रमाने लिहिलं तर तीन ओळी नुसती साधनांची यादी होते आणि वाचणाऱ्याचा धागा सुटतो. तिथे विधान आधी हवं: 'धिस पेपर आर्ग्यूज दॅट' म्हणून सरळ सुरुवात, नाटक थांबलं नाही, हललं, आणि पूर्णविराम. पुरावा पुढच्या वाक्यात. म्हणजे मराठीतलं एक लांब वाक्य इंग्रजीत दोन होतं आणि त्यांचा क्रम उलटतो.

दुसरं म्हणजे एका मराठी शब्दाला दरवेळी एकच इंग्रजी शब्द चालत नाही. तिच्या गोषवाऱ्यात 'मंडळ' दोन अर्थांनी आलं आहे: गावातलं आयोजक मंडळ आणि वडशाचं नाट्यमंडळ. पहिल्या इंग्रजी मसुद्यात दोन्हीकडे 'मंडल' असाच शब्द ठेवला होता, आणि वाचणाऱ्याला कळेना की पैसे कोण देतं आणि घेतं कोण. अखेर गावचं मंडळ 'व्हिलेज कमिटी' झालं आणि नाट्यमंडळ 'ड्रामा कंपनी'. 'वर्गणी'साठी शब्दकोशात 'सब्स्क्रिप्शन' मिळतं, पण त्यावरून आजचा वाचक मासिकाची किंवा मोबाइलची वर्गणी समजेल. तिथे 'घरोघरी जमवलेले पैसे' असा अर्थ साध्या शब्दांत लिहिला.

सर्वांत मोठी चूक मात्र 'लोक' या शब्दात झाली होती. मराठीत झाडीपट्टीला आपण सर्रास लोकरंगभूमी म्हणतो आणि त्यात कोणाचं बिघडत नाही. इंग्रजीत तिने 'फोक थिएटर' लिहिलं. त्या एका शब्दाने गोषवारा लोकसाहित्याच्या सत्रात गेला असता, दशावतार आणि भारुडाच्या शेजारी. आणि तिचं विधान तर तिकिटाबद्दल, बुकिंगबद्दल, हिशेबाबद्दल आहे! मंचावर पडदे लावून, तिकीट काढून, हंगामी बुकिंगवर चालणारं नाटक इंग्रजी वाचकासाठी 'फोक' नसून 'कमर्शियल' आहे, आणि हंगामी व फिरतं आहे. आम्ही 'सीझनल कमर्शियल थिएटर' असं लिहिलं. तुमच्याही मजकुरात असा एखादा शब्द असेल जो मराठीत निरुपद्रवी आहे आणि इंग्रजीत तुमचा निबंध भलत्याच लोकांकडे पाठवतो. 'ग्रामीण', 'पारंपरिक', 'संत', 'दलित साहित्य', 'जात' हे शब्द इंग्रजीत नेताना एकदा त्या विषयातल्या चांगल्या इंग्रजी निबंधात ते कसे येतात ते पाहून घ्या.

इंग्रजी वाचकासाठी भूगोल वाढवावा लागतो आणि परिचयाची बाकी वाक्यं कमी करता येतात. मराठीत चार जिल्ह्यांची नावं पुरतात, कारण वाचकाला नकाशा माहीत आहे. इंग्रजीत जिल्ह्यांची नावं काढून 'पूर्व विदर्भातला जंगलपट्टा, महाराष्ट्राचा मध्य भारताला लागून असलेला भाग' अशा अर्थाचं लिहिलं. झाडीपट्टी या नावाचं मात्र भाषांतर केलं नाही. नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठेवा. तिच्या एका पानावर Zadipatti होतं, दुसऱ्यावर Jhadipatti. दोन्ही वापरात आहेत. मजकुरात एक घ्यायचं आणि दुसरं कळीच्या शब्दांत टाकायचं, म्हणजे दोन्ही शोधणाऱ्यांना निबंध सापडतो.

आणि इंग्रजीने तिचं मराठी सुधारलं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आधीच्या मराठी मसुद्यात "नाटक मंडईला जोडले गेले" असं होतं. इंग्रजीत लिहिताना ती अडली: कोणी जोडलं? कर्ता लिहिल्याशिवाय वाक्य लंगडं वाटत होतं. ती परत मुलाखतींकडे गेली. 11 पैकी बहुतेकांनी तरुणांच्या मंडळांचं नाव घेतलं होतं. मग ते मराठीतही आलं, आणि निबंधाचा अर्धा मुद्दाच त्यातून उभा राहिला: नाटकाची तारीख हलली म्हणजे गावातला कारभारही हलला. म्हणून इंग्रजी शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. मराठीनंतर निदान एक दिवस मध्ये जाऊ द्या, इंग्रजी लिहा, आणि मराठीकडे परत या.

दोन्ही गोषवारे शब्दाला शब्द जुळायची गरज नाही. चार गोष्टी मात्र तंतोतंत जुळल्या पाहिजेत: विधान, आकडे, वर्षं, आणि विधानाचा जोर. जोर हा सर्वांत निसटता. मराठीत "या गावांत" असं आहे. पहिल्या इंग्रजी मसुद्यात ते गळलं, आणि चार गावांचं विधान सबंध झाडीपट्टीचं झालं. मराठीत "असे मानले जाते" होतं, इंग्रजीत ते सरळ ऐतिहासिक सत्य म्हणून आलं. दोन्ही भाषा वाचणारा परीक्षक नेमका इथेच थांबतो. तपासायला सोपी रीत अशी की इंग्रजी मजकूर एका मैत्रिणीला द्यावा, तिने तो मराठीत तोंडी सांगावा, आणि आपण आपला मराठी मसुदा समोर धरून ऐकावं.

शब्दमोजणीबद्दल थोडं. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'पटापासून' हा एक शब्द आहे, इंग्रजीत त्याला तीन लागतात. त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीत बराच लांब होतो. दोन्हीकडे अडीचशेचीच मर्यादा असेल तर मराठी दोनशेच्या आत ठेवा, म्हणजे इंग्रजीत कोंडी होत नाही. काही अर्जांत शब्दांऐवजी अक्षरं मोजतात आणि तिथे मराठीवर उलटा भार येतो. 'किल्ली' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणक वेलांट्या आणि पाय मोडलेली खूण वेगळी मोजतो आणि सहा म्हणतो. मर्यादा अक्षरांची असेल तर मजकूर आधी त्या खिडकीत टाकून पाहा.

आणि फॉन्ट. नागपुरात अजूनही पुष्कळ प्रबंध टायपिंगवाल्याकडे कृतिदेवमध्ये होतात. तुमचं तिसरं प्रकरण तसं असेल आणि त्यातला मजकूर उचलून ऑनलाइन अर्जात चिकटवला, तर 'आणि' च्या जागी `vkf.k` दिसेल. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यांतली अनेक हिंदीसाठी केलेली असल्याने मराठीतल्या खास जोडाक्षरांशी गडबडतात. 'शेतकऱ्यांच्या'चं 'शेतकर्यांच्या' होतं, 'वर्गणी'तला रफार भलत्या अक्षरावर जातो. सव्वाशे-दीडशे शब्द असतात. युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा. तासाभराचं काम आहे, आणि टाइप करता करता दोन-तीन शब्द आपोआप गळतात.

पाठवण्याआधी मार्गदर्शकांना दोन गोष्टी विचारून घ्या. प्रबंध सादर होण्याआधी त्यातला भाग बाहेर जाऊ द्यायला त्यांची हरकत नाही ना, आणि निबंधावर कोणाची नावं जातील. हे निवडीनंतर विचारलं की अवघडलेपण येतं. मुलाखती दिलेल्यांची नावं गोषवाऱ्यात नकोतच. लहान गावात 'पटसमितीचे माजी अध्यक्ष' एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून तेही टाळा.

तुमच्याकडे किती दिवस आहेत ते कळलं नाही. चार असतील तर पहिल्या दिवशी फक्त ते एक वाक्य शोधा आणि त्याच्यासाठी प्रकरणातली कोणती पानं लागतात त्यांवर खूण करा. बेचाळीस पानांतली तिची नऊच निघाली होती. तुमची पंधराच्या वर निघाली तर वाक्यात अजून दोन विधानं आहेत असं समजा आणि एक सोडा. दुसऱ्या दिवशी मराठी, तिसऱ्या दिवशी इंग्रजी, चौथ्या दिवशी दोन्ही शेजारी. ते एक वाक्य आणि विषय इथे लिहिलात तर मी पाहीन.